रीबॅलन्सिंग केलं म्हणजे ग्लाइड पाथ झाला असं नाही

मुलीच्या कॉलेजसाठी पैसे साठवणाऱ्या आईवडिलांना विचारलं की लक्ष्य जवळ येतंय, इक्विटी कमी करताय ना? तर उत्तर बरेचदा असं येतं : "हो, दरवर्षी रीबॅलन्स करतो." गंमत अशी की दरवर्षी अगदी नेमाने रीबॅलन्सिंग करूनही इक्विटीचा वाटा पाच वर्षांत एक टक्काही कमी झालेला नसतो. कमी होण्याचं कारणच नाही, कारण रीबॅलन्सिंगचं काम तो वाटा आहे तिथेच ठेवण्याचं आहे.

तुम्ही ६०:४० ठरवलंत, म्हणजे ६० टक्के इक्विटी फंडांत आणि ४० टक्के डेट फंडांत किंवा एफडीत. बाजार वर गेला की इक्विटी ६४ होते. चार टक्के विकून परत ६० करायचं. बाजार पडला की ५५ होते, तेव्हा डेटमधून काढून इक्विटी घ्यायची. झालं रीबॅलन्सिंग. ग्लाइड पाथ म्हणजे लक्ष्य जवळ येईल तसा इक्विटीचा वाटा पायरीपायरीने उतरवत नेणं, त्यात ते ६० हेच दरवर्षी कमी होतं. त्याचं वेळापत्रक आधीच लिहून ठेवलेलं असतं आणि ते बाजाराकडे नाही, कॅलेंडरकडे पाहतं.

साधं वेळापत्रक असं करता येतं : उरलेली वर्षं गुणिले १२, आणि कमाल ६०. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त उरली असतील तर ६० टक्के, मग दरवर्षी ४८, ३६, २४, १२ आणि पैसे लागतील त्या वेळी शून्य. १२ या आकड्यात काही जादू नाही. १० घ्या, जास्त सावध असाल तर शून्याला एक वर्ष आधीच पोचा. आकडे आधी ठरलेले असणं महत्त्वाचं. आपल्याकडे एनपीएस या निवृत्तीच्या योजनेत ऑटो चॉइस, म्हणजे वयानुसार वाटा आपोआप ठरण्याचा पर्याय, घेणाऱ्यांसाठी हे तयारच मिळतं. त्यातल्या एलसी-५० या प्रकारात वयाच्या ३५पर्यंत इक्विटी कमाल ५० टक्के असते, मग दरवर्षी दोन टक्क्यांनी उतरत ५५व्या वर्षी १० टक्क्यांवर येते. म्युच्युअल फंडांत जमवलेल्या शिक्षणाच्या पैशासाठी मात्र हे काम बहुतेक वेळा स्वतःच करावं लागतं.

दोन्हींतला फरक खरा दिसतो तो बाजार पडलेल्या वर्षी. समजा एप्रिल २०२६मध्ये २० लाख रुपये आहेत, १२ लाख इक्विटीत आणि आठ लाख डेटमध्ये, आणि पैसे एप्रिल २०३१मध्ये लागणार आहेत. वर्षभरात डेटने सहा टक्के दिले आणि इक्विटी २५ टक्क्यांनी पडली असं धरू. एप्रिल २०२७मध्ये इक्विटी नऊ लाख, डेट ८.४८ लाख, एकूण १७.४८ लाख.

६०:४०वर रीबॅलन्स करणारा म्हणेल, इक्विटी १०.४९ लाख हवी, म्हणजे जवळजवळ दीड लाखांची आणखी घ्या. ग्लाइड पाथवाल्याच्या कागदावर या वर्षी ४८ टक्के लिहिलंय, म्हणजे ८.३९ लाख. तो उलट सुमारे ६१ हजारांची विकेल. त्याच दिवशी, त्याच पोर्टफोलिओवर एक खरेदी करतोय आणि दुसरा विक्री.

पडलेल्या बाजारात विकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पण रक्कम पाहा : फक्त ६१ हजार. घसरणीनेच इक्विटीचा वाटा ६०वरून ५१.५वर आणून ठेवलाय, उरलेलं थोडंच आपल्याला करायचंय. हाच बाजार २० टक्क्यांनी वर गेला असता तर इक्विटी १४.४ लाख आणि एकूण २२.८८ लाख झाले असते. तेव्हा ६०:४०वाल्याने जेमतेम ६७ हजारांची विक्री केली असती, आणि ग्लाइड पाथवाल्याने सुमारे ३.४२ लाखांची. टक्क्यांत लिहिलेलं वेळापत्रक महाग बाजारात जास्त विकायला लावतं आणि स्वस्त बाजारात कमी, त्यासाठी बाजाराचा अंदाज बांधावा लागत नाही. म्हणून "दरवर्षी दोन लाख काढायचे" असं रुपयांत ठरवू नये, तिथे हा फायदा हातचा जातो.

घसरण फारच मोठी असेल तर एक पेच येतो. वरच्या उदाहरणात इक्विटी ४० टक्क्यांनी पडली असती तर तिचा वाटा ४६च्या आसपास आला असता, वेळापत्रकातल्या ४८पेक्षा खाली. काटेकोर पाळायचं तर आता इक्विटी घ्यावी लागेल. माझं मत विचाराल तर घेऊ नका. वेळापत्रकातला आकडा छत समजावा. वाटा त्याच्यावर गेला तर विकायचं, खाली असेल तर तसंच राहू द्यायचं. बाजार त्यानंतर उसळला तर थोडा नफा हुकेल, ही त्याची किंमत.

शेवटच्या वर्षी ६०:४० किती महागात पडू शकतं यासाठी २०२०कडे पाहावं. जानेवारीतल्या उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला. एप्रिलमध्ये पैसे लागणार असलेल्या आणि निम्म्याहून जास्त, म्हणजे ६० टक्के, इक्विटीत ठेवलेल्या माणसाचा एकूण साठा सुमारे २३ टक्क्यांनी घटला. १२ टक्क्यांवर आलेल्याचा पाचेक टक्क्यांनी. नोव्हेंबरमध्ये निफ्टी पुन्हा जुन्या पातळीवर आला हे खरं, पण एप्रिलचा हप्ता नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही.

आणखी एक गोष्ट ग्लाइड पाथ म्हणून खपते : इक्विटी फंडातली एसआयपी थांबवून ती डेटमध्ये वळवणं. महिन्याची एसआयपी दहा हजारांची असेल तर वर्षाला १.२ लाख डेटमध्ये जातात. तेवढ्याने जुन्या १२ लाखांचं काही होत नाही, ते बाजारावरच झुलत राहतात. वळवा जरूर, त्याने विकावी लागणारी रक्कम कमी होते, पण साठलेल्या युनिट्सची विक्री टळत नाही.

विक्री म्हटली की कर आला. वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडावरच्या नफ्याला आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर १२.५ टक्के. वरच्या ३.४२ लाखांच्या विक्रीत निम्मा नफा धरला तर १.७१ लाख, म्हणजे सुमारे ५,७०० रुपये कर आणि वर सेस. हीच विक्री अर्धी मार्चच्या अखेरीस आणि अर्धी एप्रिलच्या सुरुवातीला केली तर दोन वर्षांच्या सवलतीत बसते आणि दुसरा काही नफा नसेल तर कर शून्य. म्हणून वेळापत्रकाची तारीख वाढदिवसाला वगैरे न ठेवता ३१ मार्चच्या आसपास ठेवावी. काढलेले पैसे मात्र लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या गिल्ट फंडात टाकू नका, व्याजदर वाढले की तोही पडतो. लक्ष्याच्या तारखेला मुदत संपणारी एफडी किंवा अल्प मुदतीचा डेट फंड बरा.

राहता राहिली "लक्ष्याची तारीख". इंजिनिअरिंगची फी एकदम भरायची नसते, ती चार वर्षं दरवर्षी जाते. प्रवेश २०३१चा असेल तर शेवटच्या वर्षाच्या फीची तारीख २०३४ आहे. त्या चौथ्या हिश्शाचं वेळापत्रक तीन वर्षांनी उशिरा सुरू करता येतं, आणि प्रवेशाच्या दिवशी त्यात ३६ टक्के इक्विटी असली तरी वेळापत्रक मोडलेलं नसतं.