म्हण पूर्ण करा (अर्थ आणि प्रसंगासकट)

मराठीच्या पेपरात एक जुना प्रश्न असतो, म्हणीचा अर्धा भाग दिलेला आणि पुढे रिकामी जागा. 'नाचता येईना...' एवढं वाचलं की बहुतेकांच्या तोंडातून 'अंगण वाकडे' आपोआप निघतं. त्याच्या पुढच्या पायरीला अर्थ विचारतात आणि तिसऱ्या पायरीला ही म्हण कुठल्या प्रसंगी वापरतात ते. शाळेत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत, तलाठी आणि पोलीस भरतीच्या तयारीत सगळीकडे हा सराव असतो, फक्त भरतीच्या पेपरात चार पर्याय देतात त्यामुळे तिसरी पायरी पर्यायांच्या आड लपून बसते. मार्क जातात ते बहुतेक वेळा तिथेच.

पहिली पायरी सोपी वाटते कारण म्हण कानाने पाठ झालेली असते, पोटोबा म्हटलं की विठोबा आलाच, 'काखेत कळसा' म्हटलं की 'गावाला वळसा'. यमक मदतीला असतं. पण यमकाने म्हण पूर्ण झाली म्हणजे ती कळली असं नाही, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'बैल गेला आणि झोपा केला'. कित्येक मुलं याचा अर्थ 'बैल गेला तरी मालक झोपून राहिला' असा लिहितात, म्हणजे आळशीपणावरची म्हण. झोपा म्हणजे इथे झोप नाहीच. गोठ्याच्या तोंडाशी लावायचं कुडाचं किंवा काट्याकुट्यांचं दार, त्याला झोपा म्हणतात. बैल चोरीला गेला किंवा सुटून गेला, आणि मग मालकाने दार बसवलं. म्हणजे माणूस आळशी नाहीये, उलट धावपळ करतोय, फक्त नुकसान होऊन गेल्यावर. एक शब्द चुकला की आख्खा प्रसंग उलटा होतो.

अशीच गत 'तेल गेले, तूप गेले, हाती राहिले धुपाटणे'ची होते. धुपाटणं म्हणजे देवापुढे धूप जाळायचं भांडं. लोककथेतला वेंधळा माणूस ते घेऊन तेल आणि तूप आणायला जातो, वरच्या खोलगट भागात तेल घेतो, मग तुपासाठी भांडं उलटं करतो, तेल सांडतं, आणि कुणीतरी तेल कुठाय विचारल्यावर परत उलटं करून दाखवतो तेव्हा तूपही जातं. ही गोष्ट माहीत असली की लक्षात येतं की नुसतं 'दोन्ही गोष्टी गेल्या' हा अर्थ अपुरा आहे, त्या स्वतःच्याच मूर्खपणाने गेल्या हे त्यात हवंच. चोराने दोन्ही नेल्या तर ही म्हण तिथे बसत नाही. अडलेल्या जुन्या शब्दांसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश अजूनही उघडून बघण्यासारखा आहे.

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे अर्थ लिहिताना, एक चूक वारंवार दिसते. 'ज्याला नाचता येत नाही तो अंगणाला नावं ठेवतो' असं लिहिलं जातं, पण हा अर्थ झाला नाही, तीच म्हण जरा लांब करून परत सांगितली. ओळखायची खूण अशी की अर्थ लिहून झाल्यावर त्यात नाच, अंगण, बैल, तेल यातलं काही उरलंय का बघायचं. उरलं असेल तर काम अर्धंच झालंय. 'स्वतःला जमत नाही हे झाकायला साधनांना किंवा परिस्थितीला दोष देणं' असं लिहिलं की अंगण गेलं आणि अर्थ राहिला.

आता तिसरी पायरी, प्रसंग. इथे शेजारच्या शेजारच्या म्हणी एकमेकींत मिसळतात. अडचणीवरच्या तीन म्हणी घ्या: इकडे आड तिकडे विहीर, आगीतून फुफाट्यात, दुष्काळात तेरावा महिना. तिन्हींचा अर्थ 'संकट' असा लिहून मोकळे होतात पण तिन्हींची वेळ वेगळी आहे. समजा एका शेतकऱ्याची पेरणी वाया गेली. बँकेचा हप्ता भरायला बैलजोडी विकायची तर पुढच्या वर्षी नांगरणार कशाने, आणि नाही विकायची तर सावकाराच्या दारात जायचं. इथे त्याने अजून काहीच केलेलं नाही, दोन रस्ते आहेत आणि दोन्ही वाईट, म्हणून इकडे आड तिकडे विहीर. मग तो सावकाराकडून पैसे घेऊन बँकेचा हप्ता भरतो आणि बँकेपेक्षा कितीतरी जास्त व्याजात अडकतो, आता हे आगीतून फुफाट्यात, कारण तो एका त्रासातून निघालाय पण निघून जिथे पडला तेही भाजणारंच आहे (फुफाटा म्हणजे निखारे विझत आल्यावरची गरम राख, वरून साधी दिसते पण पाय टाकला की कळतं). आणि त्याच उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली तर दुष्काळात तेरावा महिना. यात त्याची निवड नाही आणि पळ काढणंही नाही, आधीच्या संकटावर दुसरं येऊन बसलं एवढंच. तेरावा महिना म्हणजे अधिक मास, साधारण 32-33 महिन्यांनी येतो, आणि दुष्काळाच्या वर्षी बारा महिने काढणंच जड असताना अजून एक महिना काढायचा म्हणजे काय ते दुष्काळ बघितलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून प्रसंग लिहिताना आधी काय घडून गेलंय आणि माणूस आत्ता कुठे उभा आहे हे आधी ठरवायचं. 'वरातीमागून घोडे' आणि 'बैल गेला आणि झोपा केला' या दोन्हींत उशीर आहे, तरी लग्न होऊन गेल्यावर मंडपवाल्याने खुर्च्या पाठवल्या तर ते वरातीमागून घोडे, आणि चोरी झाल्यावर कॅमेरे बसवले तर झोपा केला. पहिल्यात वेळ टळली, दुसऱ्यात नुकसान झालं.

अजून एक बाजू आहे जी पुस्तकात सहसा येत नाही, म्हण कोण कुणाला म्हणतंय. 'गाढवाला गुळाची चव काय' ही समोरच्याला तोंडावर म्हटली तर भांडणच, आणि वडीलधाऱ्याला तर कुणी म्हणतच नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही उलट सल्ला म्हणून आपल्या माणसाला हळूच सांगायची. 'लेकी बोले सुने लागे' तर सासू स्वतः म्हणत नाही, ती लेकीला बोलते आणि लागायचं ते सुनेला लागतं, बघणारा तिसरा माणूस ही म्हण वापरतो. मुलांना 'या म्हणीवरून दोन वाक्यांचा संवाद लिहा' असं सांगितलं की हे लगेच बाहेर येतं, नुसत्या अर्थाच्या प्रश्नात येत नाही.

तपासणाऱ्याने मात्र एका गोष्टीत सैल राहायला हवं. म्हणी तोंडातोंडी आल्यात, कुणाच्या घरी 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' म्हणतात तर कुणाच्या घरी 'अडला नारायण'. उत्तरसूचीत हरी आहे म्हणून नारायण लिहिणाऱ्या मुलाचा मार्क कापणं चूक आहे, त्याने ती आजीकडून ऐकलीये आणि प्रसंग बरोबर लिहिलाय.