लिमिटेड एडिशनची वजाबाकी

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हा गेम आला, तेव्हा त्याच्या सर्वांत महाग आवृत्तीची किंमत २५९.९९ डॉलर होती. खोक्यात थॉरच्या हातोड्याची सोळा इंची प्रतिकृती होती, फाशांचा संच, नकाशा आणि अंगठी होती आणि डिस्क ठेवायचा स्टीलचा देखणा डबाही होता. त्या डब्यात डिस्क मात्र नव्हती. गेम मिळायचा तो छापील कोडवरून डाउनलोड करून. ६९.९९ डॉलरची साधी आवृत्ती घेणाऱ्याच्या हातात डिस्क पडत होती, आणि जवळजवळ चौपट पैसे मोजणाऱ्याला रिकामा डबा मिळत होता. हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

खोक्यात गेमशिवाय आणखी काही घालायच्या दोन वेगवेगळ्या परंपरा आहेत. पहिली कन्सोल बंडलची. १९७७ साली अटारीने आपल्या कन्सोलसोबत ‘कॉम्बॅट’ची कार्ट्रिज दिली, कारण गेम नसलेलं यंत्र घरी नेऊन उपयोग काय? १९८९ मध्ये अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ आला आणि १९९१ मध्ये सेगाने जुना गेम काढून ‘सॉनिक’ घातला, त्यामागचं गणितही तेच. यंत्र खपवायचं, तर सोबतचा गेम लोकांना हवाहवासा वाटणारा पाहिजे. इथे जादा वस्तू ही सूट होती. ग्राहकाकडून तिचे वेगळे पैसे काढायचा विचार नव्हता.

दुसरी परंपरा इन्फोकॉम या कंपनीच्या शब्दांवर चालणाऱ्या गेमची. १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खूनप्रकरणाचा सगळा मजकूर त्या काळच्या फ्लॉपीवर मावत नव्हता. म्हणून जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, अगदी औषधाच्या गोळ्यासुद्धा पाकिटात घालून दिल्या. खेळणाऱ्याला तपासासाठी ते कागद खरोखर वाचावे लागत. पुढे कंपनीने याचा आणखी एक उपयोग करून घेतला: सोबतच्या कागदावरची माहिती नसेल तर गेम अडून बसे, त्यामुळे नुसती फ्लॉपी कॉपी करणाऱ्याची पंचाईत व्हायची. इथे जादा वस्तू गेमचाच भाग होती, आणि ती लागायचीच.

आजची कलेक्टर्स एडिशन दिसायला या दुसऱ्या घराण्यातली, पण तिच्यातली वस्तू गेमला लागत नाही. ती शेल्फवर ठेवायची असते. २००७ च्या ‘हेलो ३’ची १२९.९९ डॉलरची आवृत्ती गेमचा नायक मास्टर चीफच्या हेल्मेटसह आली. डोक्यात घालता येणार नाही एवढं ते लहान होतं. दोन वर्षांनी ‘मॉडर्न वॉरफेअर २’सोबत अंधारात पाहण्याचा चष्मा आला, तो खरंच चालायचा, पण गेममध्ये त्याचं काहीच काम नव्हतं. एकदा वस्तू शेल्फची झाली की तिचा दर्जा हाच तिचा सगळा मोबदला, आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

‘हेलो ३’च्याच मधल्या, ६९.९९ डॉलरच्या आवृत्तीचं उदाहरण घ्या. धातूच्या डब्यात डिस्क धरणारा मधला खुंट सैल होता. वाहतुकीत डिस्क सुटायची, डब्याच्या आत घासत राहायची आणि सील फोडण्याआधीच तिच्यावर ओरखडे यायचे. मायक्रोसॉफ्टला डिस्क बदलून द्यायची सोय करावी लागली. डिस्कसह येणारा कोणताही धातूचा डबा उघडण्याआधी कानाजवळ धरून हलकेच हलवावा. आत खडखडलं तर डिस्क सुटलेली आहे. अशा वेळी सील फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवला, तर तक्रार करताना वाद उरत नाही.

यापेक्षा गाजलेलं प्रकरण २०१८ चं. ‘फॉलआउट ७६’च्या १९९.९९ डॉलरच्या आवृत्तीसोबत कॅनव्हासची पिशवी देऊ, असं जाहिरातीत म्हटलं होतं. हातात आली ती पातळ नायलॉनची. गेमची कंपनी बेथेस्डाने कच्चा माल न मिळाल्याचं कारण दिलं आणि भरपाई म्हणून गेममधल्या चलनाचे ५०० अ‍ॅटम्स देऊ केले. त्यांची किंमत जेमतेम पाच डॉलर. ओरड वाढल्यावर मात्र कॅनव्हासच्या पिशव्या बनवून पाठवाव्या लागल्या. प्री-ऑर्डरच्या पानावरचं चित्र बहुतेक वेळा नमुन्याचं असतं, कारखान्यातून निघालेल्या मालाचं नसतं. म्हणून चित्रावर विसंबू नये. उंची, साहित्य आणि ‘बदल होऊ शकतो’ ही बारीक ओळ वाचावी. पुतळ्याची उंची दिलेली असेल, तर ती पायथ्याच्या चबुतऱ्यासह आहे का, हेही पाहावं.

आता किंमत. तिच्यासाठी वजाबाकी पुरते, फक्त ती दोनदा करावी लागते. एकदा दुकानातल्या भावाने, एकदा स्वतःच्या गरजेने. सप्टेंबर २०२४ मध्ये सोनीने तिसाव्या वर्धापनदिनाचा पीएस५ प्रो संच जाहीर केला. किंमत ९९९.९९ डॉलर, संख्या १२,३००. हा आकडा पहिला प्लेस्टेशन विक्रीला आला त्या ३ डिसेंबर, म्हणजे १२/३, या तारखेवरून घेतला आहे. एकट्या पीएस५ प्रोची किंमत ६९९.९९ होती आणि तिच्यात एक कंट्रोलर येतच होता. संचात जादा होता तो १९९.९९ चा ड्युअलसेन्स एज कंट्रोलर, २९.९९ चं चार्जिंग स्टेशन आणि २९.९९ चा उभा स्टँड. बेरीज ९५९.९६. म्हणजे राखाडी रंग, कोरलेला क्रमांक, पोस्टर आणि बाकीच्या चिल्लर वस्तूंसाठी सुमारे ४० डॉलर. एवढा खटाटोप पाहता भाव अगदीच वाजवी.

पण ज्याला एज कंट्रोलर नकोच आहे त्याच्यासाठी ते २०० डॉलरही रंगाचेच झाले. शिवाय संचात डिस्क ड्राइव्हचं झाकण होतं, ड्राइव्ह नव्हता, तो ७९.९९ ला वेगळा घ्यायचा. झाकण दिसलं की ड्राइव्ह आहे असं धरून चालणारे बरेच असतात.

नको असलेली वस्तू गळ्यात मारली तर काय होतं, हे २०१३ मध्ये दिसलं होतं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन किनेक्ट या हालचाल ओळखणाऱ्या कॅमेऱ्यासह ४९९ डॉलरला आला आणि पीएस४ ३९९ ला. नुसत्या हिशोबाने किनेक्ट शंभर डॉलरला पडत होता; पुढच्या वर्षी तो सुटा १४९.९९ ला निघाला. तरी तो ज्यांना नको होता त्यांनी वाढीव शंभरच पाहिले. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्टविना ३९९ चं खोकं आणलं.

साध्या बंडलमध्ये वजाबाकी सोपी असते. २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच २ ची किंमत ४४९.९९ होती आणि ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’सह ४९९.९९. गेम सुटा ७९.९९ ला, म्हणजे तो घेणारच असाल तर तीस डॉलर वाचले. फक्त हा गेम डाउनलोडचा. खेळून झाल्यावर कार्ट्रिज विकून पैसे वसूल करणाऱ्याचा फायदा यात बराचसा संपतो. उलट २०२० चा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ रंगाचा स्विच नेहमीच्याच २९९.९९ ला होता, पण खोक्यावर चित्र असूनही आत गेम नव्हता.

रॅग्नारॉकच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं तर बंडलचा कोड आणि शेल्फची वस्तू अशा दोन्ही गोष्टी एकाच खोक्यात आल्याचं दिसतं. कोड असला की डिस्क ड्राइव्ह नसलेल्या कन्सोलवाल्यालाही तोच संच विकता येतो, वेगळा साठा ठेवावा लागत नाही. ग्राहकाची गैरसोय पुढे सुरू होते. प्लेस्टेशनचा कोड खात्याच्या प्रदेशाशी बांधलेला असतो, त्यामुळे परदेशातून मागवलेल्या संचातला कोड घरच्या खात्यावर चालेलच असं नाही. काही कोडांवर मुदतीची तारीख असते. आणि कोड एकदा वापरला की जुन्या बाजारात त्या संचाची किंमत उरलेल्या वस्तूंएवढीच. वापरलेला संच घेताना विक्रेत्याला एवढंच विचारावं, की कोड वापरून झाला आहे का. हो म्हणाला, तर ६९.९९ आधीच वजा धरून बोलणी सुरू करावीत.