छापलेला १ आणि साठवलेला 1

बिलाच्या ‘नग’ रकान्यात १२ टाइप केले आणि खाली लाल अक्षरांत ‘फक्त अंक टाका’ असे आले, तर काउंटरवरचा माणूस बुचकळ्यात पडणारच. त्याने अंकच तर टाकलेत. गंमत म्हणजे मराठी सॉफ्टवेअरला ही कटकट सुरुवातीपासून नव्हती. मराठीची संगणकावरची सोय सुधारली तेव्हा ती मागच्या दाराने आत आली.

युनिकोडच्या आधी बहुतेक मराठी काम फॉन्टच्या जोरावर चाले. बऱ्याच मराठी फॉन्टांत इंग्रजी 1 च्या जागीच १ चे चित्र बसवलेले असे. कळ दाबली की पडद्यावर १ दिसे, कागदावर १ छापला जाई, पण फाइलमध्ये साठे तो साधा आस्की 1. बेरीज-गुणाकार करणाऱ्या प्रोग्रॅमला फॉन्टशी काही देणेघेणे नव्हते, त्यामुळे तपासणी बिनबोभाट पार पडे. ही व्यवस्था कच्ची होती. फॉन्ट बदलला की मजकुराचा पार चिखल व्हायचा. आकडेमोडीला मात्र तिचा त्रास नव्हता.

देवनागरी अंकांना स्वतःचे संकेतांक देण्याची कल्पना इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीची. भारतीय मानक म्हणून ते १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने आले. त्यात खालचा अर्धा तक्ता आस्कीचा होता आणि भारतीय अक्षरे व अंक वरच्या अर्ध्यात होते. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. तिथे ० ते ९ यांना `U+0966` ते `U+096F` या जागा मिळाल्या. १ हा ‘दशमान अंक, किंमत एक’ आहे, अशी नोंदही युनिकोडच्या तक्त्यात आहे. म्हणजे युनिकोडच्या लेखी १ हा अंकच. अडचण आली ती प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेने ही नोंद आपापल्या सोयीने मानल्यामुळे.

पायथन ३ मध्ये `int('१२')` सरळ 12 देते. जावाचे `Integer.parseInt` सुद्धा देते. डॉटनेटची तऱ्हा वेगळी. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनमधला `\d` देवनागरी अंक स्वीकारतो, पण पुढच्याच ओळीतले `int.Parse` त्याच मजकुरावर एरर फेकते. जावास्क्रिप्टमध्ये `\d` म्हणजे फक्त 0 ते 9, आणि `Number('१२')` चे उत्तर `NaN`. एचटीएमएलच्या `type="number"` रकान्याची किंमतही प्रमाणानुसार आस्की अंकांतच असावी लागते, नाहीतर ती रिकामी धरली जाते. `Number('')` शून्य देते, हे ज्याच्या लक्षात नाही त्याच्या बिलात नग शून्य होतात.

तरी लाल इशारा हा बरा प्रकार म्हणायचा, चूक निदान दिसते. खरा घोळ होतो सरमिसळीत. इन्स्क्रिप्टच्या काही मांडण्यांत वरच्या ओळीतल्या कळा देवनागरी अंक उमटवतात, तर उजवीकडचा नंबर पॅड इंग्रजीच. त्यात नगाच्या रकान्यात आधीच 1 भरून ठेवण्याची पद्धत. समजा तांदळाचे कट्टे दहा हवेत, दर १,८५० रुपये. माणूस त्या 1 च्या पुढे वरच्या ओळीतले ० दाबतो. पडद्यावर दिसते `1०`. देवनागरी शून्य आणि इंग्रजी शून्य बऱ्याच फॉन्टांत ओळखू येत नाहीत. आत `parseInt` असेल, तर ते ० पाशी थांबते आणि 1 परत करते. एरर नाही, इशारा नाही. बिल १८,५०० ऐवजी १,८५० चे निघते. खात्री करायची तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये त्या शून्याचा संकेतांक पाहावा:

```js
'1०'.codePointAt(1).toString(16)  // '966'
```

इंग्रजी शून्य असते तर `'30'` आले असते.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे युनिकोडचे नॉर्मलायझेशन. पण जपानी रुंद अंकांना आस्कीत आणणारे `NFKC` देवनागरी अंकांना हात लावत नाही, कारण तक्त्यात ते 1 ची रूपे म्हणून नव्हे, तर स्वतंत्र अक्षरे म्हणून नोंदले आहेत. त्यामुळे बदल हातानेच करावा लागतो, आणि तोही तपासणीच्या आधी:

```js
s.replace(/[०-९]/g, d => d.charCodeAt(0) - 0x0966)
```

रकाना `type="text"` ठेवून `inputmode="decimal"` दिले, तर मोबाइलवर अंकांचा कीबोर्डही मिळतो. बदल झाल्यावर अख्खा मजकूर `^[0-9]+(\.[0-9]+)?$` ला जुळतो का ते पाहायचे आणि मगच `Number` कडे द्यायचा. हेच सर्व्हरवरही करावे. एक्सेलमधून आयात केलेली यादी त्या रकान्याला कधी शिवतच नाही, आणि पोस्टग्रेसच्या `integer` कॉलमला १२ चालत नाही. छपाईत मात्र ग्राहकाला १२ हवे असतील तर खुशाल १२ छापावेत. तिथे ते पुन्हा फक्त चित्र असते.