हेज अकाउंटिंग (परकीय चलनाचं फॉरवर्ड काँट्रॅक्ट)

हेज अकाउंटिंग म्हणजे फॉरवर्डवरचा, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला परकीय चलन घ्यायच्या किंवा विकायच्या करारावरचा, नफा-तोटा आणि ज्या व्यवहारासाठी तो फॉरवर्ड घेतला त्या व्यवहाराचा परिणाम, हे दोन्ही कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात, म्हणजे पी अँड एलमध्ये, एकाच वेळी दाखवायची पद्धत. याने पैसे वाचत नाहीत की जास्त मिळत नाहीत, बँकेशी जे ठरलंय तेच हातात येतं, बदलतं ते फक्त कुठला आकडा कुठल्या वर्षात आणि कुठल्या ओळीत दिसणार एवढंच.

मुळात घोळ का होतो ते बघू. फॉरवर्ड हे डेरिव्हेटिव्ह आहे, म्हणजे त्याची किंमत दुसऱ्या कशाच्या तरी, इथे चलनाच्या, भावावर चालते, त्यामुळे ते सही केल्या दिवसापासून पुस्तकात येतं आणि प्रत्येक रिपोर्टिंग तारखेला बाजारभावाने मोजावं लागतं. पण पुढच्या वर्षी होणारी विक्री आज पुस्तकात नसतेच ना, मग एक बाजू हलते आणि दुसरी अजून जन्मालाच आलेली नसते.

समजा कंपनीची पुस्तकं युरोत आहेत, वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, आणि फेब्रुवारीत १० लाख डॉलरचा माल जाणार आहे, पैसे त्याच दिवशी मिळणार. ऑक्टोबरमध्ये कंपनीने १० लाख डॉलर फेब्रुवारीत विकायचा फॉरवर्ड केला, भाव ०.९० युरो, म्हणजे ९ लाख युरो पक्के. ३१ डिसेंबरला त्याच तारखेचा फॉरवर्ड भाव झाला ०.९३. डॉलर महाग झाला आणि आपण तो ०.९० ला विकून बसलोय, म्हणून फॉरवर्डवर ३०,००० युरोचा तोटा (डिस्काउंटिंग इथे सोडून देऊ). फेब्रुवारीत स्पॉट, म्हणजे त्या दिवसाचा चालू भाव, ०.९५, त्यामुळे एकूण तोटा ५०,०००.

हेज अकाउंटिंग नसेल तर पहिल्या वर्षाच्या पी अँड एलला ३०,००० चा तोटा बसतो, दुसऱ्या वर्षी विक्री ९,५०,००० दिसते आणि उरलेला २०,००० चा तोटा वेगळ्या ओळीत जातो. बघणाऱ्याला वाटतं कंपनीने डॉलरवर सट्टा खेळला आणि हरली, खरं तर तिने सट्टा टाळला होता.

हेज अकाउंटिंग लावलं (इथे लागतं ते कॅश फ्लो हेज) तर डिसेंबरचे ३०,००० पी अँड एलला न जाता ओसीआयमधून, म्हणजे पी अँड एलबाहेरच्या नफा-तोट्याच्या वेगळ्या भागातून, इक्विटीतल्या कॅश फ्लो हेज रिझर्व्हमध्ये जाऊन थांबतात. फेब्रुवारीत आणखी २०,००० तिथेच येतात, आणि विक्री बुक झाली की सगळे ५०,००० तिथून काढून विक्रीसमोर आणतात. ९,५०,००० वजा ५०,००० म्हणजे ९ लाख, ऑक्टोबरमध्ये ठरला होता तोच आकडा. फॉरवर्ड मात्र बॅलन्स शीटवर ३१ डिसेंबरला ३०,००० ची देणी म्हणून दिसतोच, तो लपत नाही.

ही सवलत आहे, आपोआप मिळत नाही. कुठला फॉरवर्ड, कुठली विक्री, किती डॉलर, कोणत्या महिन्यातले, दोन्हींचं नातं कसं तपासणार, हे सगळं हेज सुरू होतानाच लिहून ठेवावं लागतं. डिसेंबरमध्ये तोटा दिसल्यावर मागची तारीख टाकून कागद बनवला तर चालत नाही, हेज धरलं जाईल ते कागद झाल्या दिवसापासूनच. आयएएस ३९ या जुन्या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकात ८० ते १२५ टक्क्यांची परिणामकारकतेची टेस्ट पास व्हावी लागायची, १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस ९ ने ती रेषा काढून टाकली आणि त्याऐवजी दोघांत आर्थिक नातं आहे का, हे बघायला लावलं. तरी न जुळणारा भाग मोजून पी अँड एलला टाकायचं काम सुटलेलं नाही.

जास्त करून गोष्ट बिघडते ती अंदाजात. वरच्या उदाहरणात जानेवारीत गिऱ्हाईकाने ३ लाख डॉलरची ऑर्डर कायमची रद्द केली असं धरा, फॉरवर्ड भाव अजून ०.९३ च आहे. त्या ३ लाखांची विक्री आता होणारच नाही, म्हणून रिझर्व्हमधले त्यांच्या वाटणीचे ९,००० युरो लगेच पी अँड एलला जातात आणि फॉरवर्डच्या तेवढ्या भागावर पुढे जे काही होईल तेही थेट तिथेच. डिलिव्हरी नुसती पुढे ढकलली असेल तर रिझर्व्ह तसाच राहतो, पण तारखा जुळत नाहीत म्हणून थोडा फरक पी अँड एलमध्ये येऊ शकतो. म्हणून हुशार ट्रेझरीवाले अपेक्षित विक्रीच्या शंभर टक्के हेज करतच नाहीत, पहिले ७ लाख डॉलर असं लिहितात, म्हणजे वरचे ३ लाख गेले तरी हेज मोडत नाही. हेज केलेल्या विक्री अशा वारंवार रद्द होत असतील तर ऑडिटर विचारतोच की तुमचे अंदाज खात्रीचे मानायचे तरी कसे.

आणि माल आधीच गेलाय, फक्त डॉलर यायचे बाकी आहेत, अशा वेळी बहुतेक हे काही करायची गरजच नसते. येणं प्रत्येक तारखेला स्पॉट भावाने मोजलं जातं आणि तो फरक पी अँड एलमध्ये येतो, फॉरवर्डचाही तिथेच येतो, दोघं एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात, उरतो तो मुख्यतः स्पॉट आणि फॉरवर्ड भावातला फरक.