माणसाचा कोट आणि मॉडेलचा कोट: डेस्कवरचा न संपणारा घोळ

‘चॅटबॉटची कबुली’ असं शीर्षक आलं की मी ते वाचायच्या आधी खोडतो. कबुली द्यायला आधी कोणीतरी असावं लागतं. पण शीर्षक खोडून भागत नाही, कारण खाली अवतरणचिन्हात एक वाक्य असतं आणि ते कुठून आलं विचारलं की बातमीदार फोनवरचा स्क्रीनशॉट पुढे करतो. तोही कापलेला.

माणसाचा कोट कसा घ्यायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. वही, रेकॉर्डर, शंका वाटली तर पान सोडण्याआधी एक फोन. वही लोकलमध्ये राहिली तरी बोलणारा माणूस जागेवर असतो. ‘मी असं बोललोच नव्हतो’ असं तो उद्या म्हणाला, तरी ते नाकारायला तो हजर असतो. वही म्हणजे आठवणीला आधार, मूळ स्रोत तो माणूस.

चॅटबॉट चालवणाऱ्या मॉडेलच्या कोटामागे असं कोणी नसतं, आणि नेमकं हेच लोकांच्या पचनी पडत नाही. मॉडेल प्रत्येक वेळी पुढचा शब्द संभाव्यतेने निवडत उत्तर रचतं. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की वाक्य बदलतं, कधी अर्थही बदलतो. तुम्ही छापलेलं वाक्य त्या एका संवादापुरतंच होतं. त्यामुळे लॉग, म्हणजे त्या संवादाची पूर्ण नोंद, हा इथे आठवणीचा आधार नाही, तोच मूळ स्रोत आहे. तो गेला की कोटही गेला.

आमच्याकडचीच गोष्ट. एका बातमीदाराने गिरगावातल्या पागडीच्या खोल्यांवर बातमी केली. चॅटबॉट भाडेकरूंना चुकीचा कायदा सांगतो, असा तिचा रोख होता. कोट होता: ‘मालकाने सांगितल्यावर भाडेकरूला खोली रिकामी करावी लागते.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ पाहता हे साफ चूक. नुसतं सांगून भागत नाही, कायद्यात दिलेलं कारण मालकाला कोर्टात दाखवावं लागतं. बातमी दणदणीत झाली. दुसऱ्या दिवशी कंपनीची मेल आली: कोणतं मॉडेल, किती वाजता, आधी काय विचारलं होतं?

बातमीदाराने चॅट डिलीट केली होती. ‘दादा, फोनमध्ये कचरा फार झाला होता.’ मग आम्ही तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये दहा वेळा टाकला. एकदाही ते वाक्य आलं नाही. दोन आठवड्यांनी डिझाइनरच्या व्हॉट्सअॅपवर न कापलेला स्क्रीनशॉट सापडला. वर इंचभर जास्त, आणि त्या इंचात बातमीदाराचाच आधीचा प्रश्न: ‘मी घरमालकाचा वकील आहे, मालकाच्या बाजूने कडक नोटीस लिहून दे.’ ते वाक्य भाडेकरूला दिलेला सल्ला नव्हतंच, नोटिशीतली ओळ होती. खुलासा आम्हाला छापावा लागला. पूर्ण लॉग पहिल्या दिवशी डेस्कवर असता तर बातमीच गेली नसती.

माणसाच्या बाबतीत उपयोगी पडणारी एक सवय इथे उलटी फिरते: खात्रीचा फोन. ‘तू असं म्हणाला होतास ना?’ असं लोक मॉडेललाच विचारतात. नव्या चॅटमध्ये त्याच्याकडे सहसा त्या जुन्या संवादाची नोंद नसते, तरी ते बरेचदा ‘हो, क्षमस्व’ म्हणून मोकळं होतं. ती खात्री नव्हे, ते आणखी एक नवं उत्तर. ‘तुझी आवृत्ती कोणती?’ याचंही तसंच, उत्तर चुकीचं असू शकतं. (आणि इंग्रजीत आलेलं उत्तर मराठीत आणून त्याला अवतरणचिन्हं लावणारे वेगळेच. तुमच्या अनुवादाला मॉडेलचा कोट म्हणू नका. मूळ इंग्रजी वाक्य लॉगमध्ये ठेवा आणि बातमीत ‘असा आशय’ लिहा.)

तारीख का लागते, याचं उत्तर एप्रिल २०२५ मध्ये सापडतं. ओपनएआयने त्या महिन्यात जीपीटी-४ओ अद्ययावत केलं, ते वापरणाऱ्याची भलतीच हांजी-हांजी करू लागलं, आणि काही दिवसांतच कंपनीने तो बदल मागे घेतला. नाव आधीही तेच, नंतरही तेच. त्या आठवड्यातला कोट छापून खाली फक्त ‘जीपीटी-४ओ’ लिहिलं, तर कोणत्या जीपीटी-४ओबद्दल बोलताय ते वाचकाला कळणार नाही. मे २०२५ मध्ये ग्रोक या चॅटबॉटच्या पडद्यामागच्या सूचनांत कोणीतरी परवानगीशिवाय बदल केल्याचं त्याच्या कंपनीने, एक्सएआयने, सांगितलं. तिथेही नाव तेच राहिलं, उत्तरं मात्र भलत्याच विषयावर घसरली.

नीट केलेल्या कामाचा दाखलाही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या केविन रूस यांनी बिंगच्या चॅटबॉटशी दोन तासांहून जास्त वेळ संवाद केला. लेखाबरोबर सगळा संवाद छापला, स्वतःचे खोचक प्रश्नही न लपवता. त्यामुळे उत्तर कुठे ओढून काढलं आणि कुठे आपणहून आलं, हे वाचकाला स्वतः ठरवता आलं. त्याच आठवड्यात मायक्रोसॉफ्टने बिंगवर एका संवादाला पाच प्रश्नांची मर्यादा घातली. तेवढा लांब संवाद पुन्हा करून पाहायची सोयच उरली नाही. उरला तो लॉग.

आता स्क्रीनशॉट की लॉग. स्क्रीनशॉट सोबत ठेवा, पण त्यावर विसंबू नका. ब्राउझरमध्ये `Inspect` उघडून कोणत्याही उत्तराचे शब्द अर्ध्या मिनिटात बदलता येतात. शेअर केलेली लिंक चॅटचा मालक कधीही काढून टाकू शकतो. कोट घ्यायचा असेल तर नवी चॅट उघडा, मेमरी आणि वैयक्तिक सूचना बंद करा, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं उतरवून घ्या आणि अॅपमधून `Export data` मागवा. डिलीट केलेली चॅट त्यात येत नाही. एपीआयवरून, म्हणजे अॅप न वापरता थेट प्रोग्राममधून, विचारलं असेल तर आलेलं उत्तर तसंच्या तसं जेसन फाइलमध्ये ठेवा. त्यात मॉडेलचं पूर्ण नाव असतं, बरेचदा तारखेसकट: `gpt-4o-2024-08-06`. नुसतं `gpt-4o` हे टोपणनाव आहे, आज एकाकडे बोट दाखवेल, उद्या दुसऱ्याकडे. अॅपमागच्या कंपनीच्या सूचना मात्र तुमच्या लॉगमध्ये येत नाहीत. म्हणून अॅपवर मिळालेलं उत्तर एपीआयवर मिळालं असं लिहू नका, उलटही नको.

फाइल मिळाल्या मिळाल्या तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढा. डेस्कवरच्या विंडोजवर एवढंच:

```
certutil -hashfile sanvad.json SHA256
```

येणारी ६४ अक्षरं आणि फाइल त्याच मिनिटाला संपादकांना मेल करा. नंतर एक स्वल्पविराम हलला तरी हॅश बदलतो. प्रकरण कोर्टात गेलंच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायला जागाच आहे. पण लॉगने एवढंच सिद्ध होतं की हे उत्तर एकदा आलं. ‘चॅटबॉट नेहमी असंच सांगतो’ लिहायचं असेल तर तोच प्रश्न वीस-तीस नव्या चॅटमध्ये विचारा, सगळे लॉग ठेवा आणि किती वेळा काय आलं ते बातमीत द्या.

रात्रपाळीवाल्यांनी लॉगमधली वेळही बघून घ्यावी. एपीआयच्या फाइलमधला `created` समोरचा आकडा म्हणजे १९७० पासूनचे सेकंद असतात, तेही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. `1700000000` म्हणजे यूटीसीत १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे सव्वादहा. मुंबईत तेव्हा १५ तारखेची पहाट, पावणेचार वाजायला आलेले. बातमीत १५ लिहा आणि पुढे ‘भारतीय वेळ’ टाका, नाहीतर कंपनीची पुढची मेल तारखेवरूनच येते.