इडली आणि ताक: आंबवलेले दोन्ही, पण जिवाणू कशात उरतात?

गोदापार्कला सकाळी धावून आलेली मंडळी इडली खातात आणि 'आज प्रोबायोटिक झालं' म्हणतात. नाही झालं.

विरजण लावणं सगळ्यांना येतं, त्यामुळे ते राहू द्या. इडलीचं पीठसुद्धा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळेच आंबतं. फरक पडतो तो त्यानंतर. दही-ताक आपण थंडच खातो, म्हणून त्यातले जिवाणू जिवंत पोटात जातात. पीठ मात्र इडलीपात्रात दहा-बारा मिनिटं वाफवलं जातं. हे जिवाणू सत्तरच्या पुढच्या तापमानात काही मिनिटांतच मरतात आणि इडली आतपर्यंत त्याहून बरीच जास्त तापते. कढीचंही तेच होतं.

खात्री करायची असेल तर दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. एकीत चमचाभर ताक घाला, दुसरीत उकळून निववलेली कढी. उबेला ठेवल्यावर सात-आठ तासांत पहिली वाटी विरजते, दुसरीतलं दूध दूधच राहतं.

ताकाला फोडणी दिली की जिवाणू मरतात, हा दुसरा गैरसमज. लिटरभर ताकात चमचाभर गरम तेल पडलं तर ताक एक अंशसुद्धा तापत नाही. खुशाल द्या फोडणी. मिसळीसोबतचं दही मात्र वाटीतूनच खा, उकळत्या रश्श्यात कालवलंत तर ते फक्त चवीपुरतं उरतं.

मग इडली वाया गेली का? मुळीच नाही. आंबताना उडदातली गॅस करणारी साखर बरीचशी संपते. फायटिक आम्लही घटतं, त्यामुळे लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते. जिवाणू गेले तरी त्यांचं हे काम मागे राहतं. त्यात इडलीत तेल आणि चोथा कमी, म्हणून ब्रह्मगिरी चढायच्या दोन तास आधी दोन-तीन इडल्या उत्तम. सांबार त्या वेळी थोडंच घ्या, डाळ-भाज्यांचा चोथा चढावर पोटात गुडगुडतो.

ताक चढायच्या आधी नको, उतरल्यावर घ्या. एक भाग दही, तीन भाग पाणी आणि मोठ्या पेल्याला पाव चमचा मीठ. घामातून गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही भरून निघतं. साखर घातलेली लस्सी ही त्याची बदली नव्हे. दह्यातले बहुतेक जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाहीत, काही दिवसांत निघून जातात. म्हणून रविवारी ट्रेकनंतर लोटाभर पिण्यापेक्षा रोज जेवताना एक पेला बरा.

पाकीट घेणार असाल तर फ्रीजमधलं घ्या. दुकानाच्या उघड्या फळीवर महिनोन्‌महिने टिकणारं ताक कडक तापवलेलं असतं. त्यानं तहान भागेल, पण विरजण लागणार नाही.