हळूहळू की हळू हळू?

जिना ओला आहे, आजी उतरते आहे. वरून नात ओरडते, “हळू, हळू!” आजी हळूहळू उतरते.

पहिल्या वाक्यात ‘हळू’ हा शब्द दोनदा उच्चारला आहे. प्रत्येक ‘हळू’ ही स्वतंत्र सूचना आहे. एक गाळला तरी अर्थ तोच राहतो, फक्त काळजी कमी दिसते. मध्ये ‘गं’ घालून “हळू गं हळू” असंही म्हणता येतं. म्हणून इथे दोन शब्द सुटे हवेत, मध्ये स्वल्पविराम असला तर उत्तमच. “थांब थांब”, “पळा पळा” हेही याच जातीचे.

दुसऱ्या वाक्यातलं ‘हळूहळू’ मात्र एकच शब्द आहे. “तळ्याचं पाणी हळूहळू आटलं” हे वाक्य घ्या. यातला एक ‘हळू’ काढून “पाणी हळू आटलं” म्हटलं तर कानाला खटकतं, कारण ‘हळूहळू’चा अर्थ ‘क्रमाक्रमाने’ असा आहे आणि तो एकट्या ‘हळू’त नाही. मध्ये ‘गं’ही शिरत नाही. व्याकरणात याला अभ्यस्त शब्द म्हणतात आणि तो जोडून लिहितात.

जोडून लिहिण्याचा माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा ऱ्हस्व-दीर्घात दडलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १८ लेखननियमांपैकी एक नियम सांगतो, की ‘हळूहळू’सारख्या पुनरुक्त शब्दांत दुसऱ्या आणि चौथ्या अक्षरातला उकार दीर्घ लिहावा; शब्द नादानुकारी असेल तर मात्र उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व, जसं ‘लुटुलुटु’, ‘दुडुदुडु’. आता ‘हळू हळू’ हे दोन शब्द मानले असते, तर शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ या नेहमीच्या नियमाने दोन्ही ‘ळू’ आपोआप दीर्घ झाले असते. दुसऱ्या अक्षराबद्दल वेगळं सांगावं लागलं, कारण तो ‘ळू’ शब्दाच्या शेवटी नाही, मध्ये आहे.

संयोगचिन्हाची मात्र इथे गरज नाही. हिंदीत ‘धीरे-धीरे’ लिहितात, ते वाचून ‘हळू-हळू’ मराठीत येतं. आपल्याकडे ती रेघ ‘आई-वडील’, ‘पुणे-मुंबई’ अशा दोन वेगळ्या गोष्टींमध्ये शोभते. छापील मजकुरात ओळ संपताना ‘हळू-’ असं तुटलेलं दिसतं, ती रेघ फक्त त्या ओळीपुरती असते. तोच मजकूर पुन्हा टंकताना ती काढून टाकावी.

जिथे जोडताना रूपच बदलतं, तिथे शंकेला जागाच नाही: वेगवेगळे, घरोघर, जागोजागी, दिवसेंदिवस. यांचे तुकडे करून पाहा, ‘घरो’ किंवा ‘जागो’ एकटे उभेच राहत नाहीत.

अडचण ‘बोलता बोलता’, ‘पुन्हा पुन्हा’, ‘लहान लहान’ यांची आहे. छापील मराठीत हे सुटेही दिसतात आणि जोडूनही. मी ‘बोलता बोलता’ सुटंच ठेवते, कारण जोडलं की शब्द लांबलचक होऊन डोळा अडखळतो. ‘लहान लहान मुलं’ही सुटंच लिहिते. पण एकाच लेखात एका पानावर ‘पुन्हा पुन्हा’ आणि दुसऱ्यावर ‘पुन्हापुन्हा’ दिसलं, तर मुद्रितशोधनात कोणतंही एक रूप धरून दुसरं बदलते.